अंगाई गाऊनही बाळ टक्क जागंच? या चुका टाळा

नातू पाच आठवड्यांचा असताना मी फ्रँकफर्टला होते. सुनेनं हौसेनं जर्मन अंगाई शिकून घेतली होती, ब्राम्सची, १८६८ सालची. रोज रात्री ती गायची आणि बाळ डोळे मोठ्ठे करून ऐकत राहायचं. "आई, ह्याला ब्राम्स आवडत नाही बहुतेक," ती म्हणाली. मी घड्याळ लावून ऐकलं. एक कडवं तिनं २४ सेकंदांत संपवलं.

घाईची लय

त्या कडव्यात तीन-तीन मात्रांचे १६ खंड आहेत, म्हणजे ४८ मात्रा. २४ सेकंदांत त्या संपल्या तर लय मिनिटाला १२० होते. ही भराभर चालण्याची लय झाली. तेच कडवं ४० सेकंदांत गायलं की लय ७२ वर येते. ६० ते ८० च्या मधली कुठलीही लय चालते. अंदाज घ्यायचा तर १५ सेकंदांतल्या मात्रा मोजा आणि चौपट करा.

मांडीवरचा झोकाही याच लयीत हवा. एका खंडात एकदा जाऊन परत येणारा, साधारण अडीच सेकंदांचा. सुनेचं गाणं हळू झालं तरी पाय मात्र जुन्याच वेगानं हलत होता, ते लक्षात यायला आम्हाला दोन रात्री लागल्या.

बाळ रडत असेल तर पहिल्याच ओळीपासून संथ, हलक्या आवाजात गाऊ नका. त्याला ते ऐकूच जात नाही. सुरुवात जराशी मोठ्यानं आणि चालत्या लयीत करा, मग प्रत्येक कडव्याला लय आणि आवाज थोडे थोडे उतरवा.

चुकीची पट्टी

ब्राम्सची चाल 'ग ग प' अशी सोपी सुरू होते, म्हणून आपण सोयीच्या सुरात सुरुवात करतो. उत्तरार्धात मात्र ती 'सा सा'वरून एकदम तार सा गाठते. पट्टी उंच असली तर नेमका तिथे आवाज ताणला जातो, आणि पेंगुळलेलं बाळ तिथेच दचकतं. उपाय असा: आधी ती उडीच गुणगुणून बघा. तार सा कुजबुजीइतक्या हलक्या आवाजात लागला तर पट्टी बरोबर, नाहीतर एक-दोन सूर खाली या.

ज्यांना ही उडी जमत नाही त्यांनी मल्याळी 'ओमनत्तिंगळ किडावो' ऐकून बघावी. कवी इरयिम्मन तंपींनी ती पुढे त्रावणकोरचे राजे झालेल्या तान्ह्या स्वाती तिरुनाळ यांच्यासाठी रचली, ज्यांचा जन्म १८१३ चा. तिचा पारंपरिक राग कुरिंजी. या रागाचा आवाका मंद्र नी ते मध्य ध एवढाच, तार सा येतच नाही. आवाज जेमतेम असणाऱ्या माझ्यासारखीला ही फार सोयीची. ओळीमागून ओळ प्रश्नच आहेत, हा चंद्र की हे कमळ असे. तेव्हा एखादी ओळ विसरली तरी आधीचीच पुन्हा म्हणता येते.

डोळे मिटताच पाळण्यात

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. नवजात बाळ झोपी जातं ते आधी चळवळ्या झोपेत. पापण्या फडफडतात, ओठ हसल्यासारखे होतात, श्वास कमी-जास्त होतो. तेव्हा खाली ठेवलं की रडं सुरू. जपानमधल्या रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सुचवलेला क्रम आम्ही वापरला: रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं चालायचं, ते झोपलं की पाच ते आठ मिनिटं घेऊन नुसतं बसायचं, मग ठेवायचं. बसल्यावर मी शब्द सोडून देते, फक्त 'हं हं' उरतं. त्याचा हात उचलून सोडला आणि तो लुळा पडला की पाळण्यात. ठेवल्यावरही दोन ओळी गुणगुणायच्या, गाणं एकदम तोडायचं नाही. अर्थात बाळ भुकेलं असेल किंवा पोट दुखत असेल तर कुठलीच लय उपयोगाची नाही.

फोनवर अंगाई लावायचीच असेल तर फोन पाळण्यात नको, निदान दोन मीटर लांब आणि अगदी बारीक आवाजात. वाद्यमेळ भरलेली, मध्येच जोर चढणारी गाणी नकोतच.

अर्थ बघून गाणं निवडणं

एवढ्याशा बाळाला अर्थ कळत नाही, त्याला फक्त सूर आणि हेल कळतो. सुनेची बंगाली शेजारीण एका दुपारी बाळाला घेऊन 'खोका घुमालो, पाडा जुडालो' गात होती. पुढची ओळ 'बर्गी एलो देशे'. बर्गी म्हणजे १७४० च्या दशकात बंगालवर स्वाऱ्या करणारे मराठ्यांचे बारगीर. "तुमचीच भीती घालतोय बरं का," ती हसत म्हणाली. बारगिरांचा वारस तिच्या खांद्यावर केव्हाच लुळा पडला होता.