'वाइल' आलं की मराठीचा क्रम धरा

पणजीत आम्ही काही जण जर्मन शिकतो. 'क्रियापद दुसऱ्या जागी' हा मुख्य वाक्याचा नियम अंगवळणी पडतो आणि मग 'वाइल' म्हणजे 'कारण' आलं तरी हात तेच करतो. त्यात डोक्यात इंग्रजी चालू असली की चूक ठरलेलीच.

त्यावर उपाय असा:

१. 'वाइल'पुढचा भाग आधी मराठीत म्हणा: '…कारण मी आज म्हापशात काम करतो.'
२. त्याच क्रमाने जर्मन शब्द ठेवा: 'वाइल इश हॉइटं इन म्हापसा आर्बाइटं.' 'वाइल इश आर्बाइटं हॉइटं…' असं लिहिलं असेल तर खोडा.
३. पूर्णविरामाआधीच्या शब्दावर बोट ठेवा. कर्त्याप्रमाणे बदललेलं क्रियापद तिथेच हवं.

दोन क्रियापदं असली तरी मराठी साथ सोडत नाही, आणि मला हे फार आवडतं: 'काम करावं लागतं' म्हणजे 'आर्बाइटन मुस'. 'लागतं' शेवटी, तसंच 'मुस'ही शेवटी. 'दास' म्हणजे 'की' आणि 'वेन' म्हणजे 'जर' यांच्यापुढेही हेच करा.

फक्त 'डेन'ला जपा. त्याचाही अर्थ 'कारण'च, पण त्याच्यापुढे मुख्य वाक्याचाच क्रम राहतो: 'डेन इश आर्बाइटं हॉइटं.'