हॉटस्पॉटवरून ऑफिसचा पीसी चालवताय? डेटाच्या हिशेबात या चुका टाळा

इंदूरच्या राजेंद्र नगरात राहणाऱ्या आमच्या वहिनी सियागंजमधल्या एका पेढीचे हिशेब घरूनच सांभाळतात, म्हणजे पेढीतला पीसी रिमोट डेस्कटॉपने आपल्या लॅपटॉपच्या पडद्यावर उघडून चालवतात. लॅपटॉपला फोनचा हॉटस्पॉट आणि प्लॅन रोजच्या दीड जीबीचा. "काल सहा तास बसले तरी डेटा उरला, आज तीन तासांतच संपला," ही त्यांची तक्रार.

चूक तासांवरून अंदाज बांधण्यात आहे. रिमोट डेस्कटॉपमध्ये पडद्याचा जेवढा भाग बदलतो, तेवढाच नव्याने पाठवला जातो. व्हाउचर भरताना दोन-चार आकडेच बदलतात, त्यामुळे खर्च किरकोळ. लांबलचक खातेवही वरखाली सरकवली की जवळजवळ अख्खा पडदा पुन्हा येतो. आणि पलीकडच्या पीसीवर व्हिडिओ लावला, तर विचारूच नका.

म्हणून मोजायचं ते कामाच्या प्रकारानुसार. वहिनींनी लॅपटॉपवरच्या इतर गोष्टी बंद करून फोनच्या सेटिंग्जमधला हॉटस्पॉटचा आकडा आधी आणि नंतर लिहून ठेवला. दहा मिनिटं नोंदी भरल्या तेव्हा २० एमबी गेले, म्हणजे तासाला १२०. दहा मिनिटं खातेवही चाळली तेव्हा ७५ एमबी, म्हणजे तासाला ४५०. आता तीन तास नोंदी आणि दोन तास चाळणी धरली तर ३६० अधिक ९००, एकूण १२६० एमबी. दीड जीबीत बसतं, पण जेमतेम. हे आकडे त्यांच्या लॅपटॉपचे. तुमचे तुम्हीच मोजा. फोनचा आकडा बहुधा महिन्याचा असतो, म्हणून फरकच घ्यायचा.

टास्क मॅनेजरमधला वेग पाहून हिशेब करणारे हमखास घसरतात. तिथे Kbps किंवा Mbps दिसतं, म्हणजे बिट. प्लॅन मात्र बाइटमध्ये. आठाने भागायचं. सतत १ Mbps वेग तासभर राहिला तर ४५० एमबी होतात, ३६०० नव्हे. एखादा क्षणिक उसळलेला आकडा धरून गुणाकार करू नका.

रिमोट बंद असतानाही आकडा चढत असेल, तर दोष रिमोटचा नाही. विंडोज अपडेट, क्लाउडवरची फाइल-सिंक किंवा हॉटस्पॉटला जोडलेला घरातला दुसरा फोन तपासा. लॅपटॉपच्या वाय-फाय सेटिंग्जमध्ये त्या हॉटस्पॉटसाठी Metered connection चालू केलं की अपडेटची बरीचशी डाउनलोड थांबतात. मग पुन्हा दहा मिनिटं मोजा.

तरीही जास्त जातंय? कनेक्ट करण्याआधी mstsc या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप प्रोग्रामच्या खिडकीत Show Options उघडून रिझोल्यूशन उतरवा, Experience मध्ये Desktop background काढा आणि आवाज पलीकडच्याच पीसीवर ठेवा. खातेवही चाळण्याऐवजी तारीख टाकून हवी ती नोंद गाठा. माझ्या मते सगळ्यात जास्त बचत यातच आहे. चहाला उठताना रिमोटची खिडकी मिनिमाइझ केली की चित्र येणं जवळजवळ थांबतं.