ओपन बुक परीक्षेची प्रश्नपत्रिका काढताना या चुका टाळा

जुन्या प्रश्नपत्रिकेवर ‘पुस्तक वापरण्यास परवानगी आहे’ एवढी ओळ छापली की ओपन बुक परीक्षा झाली, ही समजूत मला वर्षानुवर्षे दिसत आली आहे. करार कायदा शिकवताना पहिल्या वर्षी मीही तेच केले. ‘अज्ञान व्यक्तीने, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेल्याने, केलेल्या कराराचे परिणाम सांगा’ हा प्रश्न दहा गुणांना विचारला, आणि उत्तरपत्रिकांमध्ये एकाच पाठ्यपुस्तकातला परिच्छेद, त्यातल्या छपाईच्या चुकीसकट, पुन्हा पुन्हा वाचला. असा करार मुळातच शून्य ठरवणारा, मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा १९०३ चा निवाडा सर्वांनी लिहिला होता. तो कोणाला समजला आहे, हे कळण्याची सोय मात्र मीच ठेवली नव्हती.

आता मी कलमाचे नाव न घेता प्रसंग देतो. सतरा वर्षांच्या मुलाने शिक्षणासाठी शहरात खोली घेतली आणि दुकानदाराकडून उधारीवर एक गादी व एक महागडा संगणक नेला. अठरा पूर्ण झाल्यावर त्याने ‘दोन्हींचे पैसे देईन’ असे लिहून दिले. दुकानदाराला काय मिळेल?

कलम ११ प्रमाणे अज्ञान व्यक्ती करारास पात्र नाही, हे पुस्तकात सापडते. मूळ करारच शून्य असल्याने सज्ञान झाल्यावर त्याला मान्यता देता येत नाही, म्हणून ती चिठ्ठी दुकानदाराच्या कामाची नाही. इथे पुष्कळ जण फसतात. गादी ही आवश्यक वस्तू असल्याने तिचे पैसे कलम ६८ खाली मागता येतील, पण मुलाच्या मालमत्तेतून, व्यक्तिशः त्याच्याकडून नव्हे. संगणक ही त्याच्या जीवनमानाला साजेशी आवश्यक वस्तू आहे का, याचे उत्तर कोणत्याही पानावर नाही. तो काय शिकतो, त्याच्याकडे आधीचा संगणक आहे का, हे विद्यार्थ्याने स्वतः विचारायला हवे. म्हणून दहापैकी दोनच गुण मी कलम शोधण्याला देतो, तीन निर्णायक तथ्ये वेगळी काढण्याला आणि पाच युक्तिवादाला. निष्कर्ष माझ्यापेक्षा वेगळा असला तरी ते पाच मिळू शकतात.

दुसरी मोठी चूक वेळेची आहे. पुस्तक हाताशी आहे म्हणून प्रश्न वाढवले, तर परीक्षा पाने उलटण्याच्या वेगाची होते. मी प्रत्येक प्रश्न पुस्तक उघडून स्वतः सोडवतो आणि मला लागलेल्या वेळेच्या तिप्पट वेळ देतो; दोन तासांत असे तीनच प्रश्न बसतात. हे सोडवून पाहणे टाळणाऱ्यांनी ओपन बुक परीक्षा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोच प्रसंग पुढच्या वर्षी जसाच्या तसा देऊ नका. मुलाचे वय साडेअठरा केले, तरी सारे उत्तर बदलते, आणि गेल्या वर्षीचे उत्तर उतरवून काढणारा विद्यार्थी पहिल्याच परिच्छेदात ओळखू येतो.