जाड स्टील प्लेटचा गाभा किती वेळात तापेल? दोन आकडे आणि एक चार्ट

भट्टीचा मीटर ६५० अंश दाखवतो, पण तो तापमान भट्टीच्या आतल्या हवेचे दाखवतो, प्लेटच्या पोटातले नाही. सोलापुरात चिंचोळी किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जाड प्लेट तापवायची असेल, तर खरा प्रश्न हा की गाभ्याला ६०० अंश गाठायला किती वेळ लागेल. हाइसलर यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या चार्टवरून तो वेळ कागदावर काढता येतो. त्यासाठी बायोट नंबर आणि फोरियर नंबर हे दोनच आकडे लागतात. दोघांनाही एकक नाही.

उदाहरण असे घेऊ. साध्या कार्बन स्टीलची प्लेट, २ मीटर बाय २ मीटर, जाडी २०० मि.मी., वजन सव्वासहा टनांच्या आसपास. मे महिना आहे, म्हणून शेडमधली प्लेट ४० अंशांवर आहे. भट्टी आधीच तापून ६५० वर स्थिर झालेली आहे आणि प्लेट ठोकळ्यांवर ठेवली आहे, म्हणजे वरून-खालून दोन्हीकडून सारखी तापते. वेल्डिंग केलेला जॉब असा एकदम गरम भट्टीत घालू नये. सुरुवातीला पृष्ठभाग आणि गाभा यांत जवळजवळ ५० अंशांचा फरक पडतो आणि तो ताण जोडावर येतो. असा जॉब थंड भट्टीत ठेवून हळूहळू तापवतात, आणि तिथे हा चार्ट चालत नाही, कारण भोवतालचे तापमान सुरुवातीपासून स्थिर आहे हे त्यात गृहीत धरलेले आहे.

आधी बायोट नंबर

```
Bi = h × L / k
```

L म्हणजे अर्धी जाडी. प्लेट दोन्हीकडून तापते, म्हणून उष्णतेला पृष्ठभागापासून मध्यापर्यंतच जायचे असते. इथे L = ०.१ मीटर. k ही स्टीलची उष्णतावाहकता; ती तापमानाबरोबर घटते, म्हणून थंड स्टीलचा आकडा न घेता मधल्या तापमानाचा ४५ वॅट प्रति मीटर-अंश घ्यावा. h म्हणजे पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरला, प्रत्येक अंश फरकामागे मिळणारी उष्णता. ६५० अंशांच्या भट्टीत नुसत्या गरम हवेपेक्षा तापलेल्या भिंतींचे प्रारण कितीतरी जास्त उष्णता देते. दोन्ही मिळून सरासरी ९० धरू.

Bi = ९० × ०.१ ÷ ४५ = ०.२. हा आकडा ०.१ च्या खाली असता, तर सगळी प्लेट एकाच तापमानाची धरून सोपे सूत्र चालले असते. ०.२ ला तसे केले तर गणित ३ तास २८ मिनिटे सांगते, आणि त्या वेळी गाभा ५९० वरच असतो. जिथे दहा अंशही महत्त्वाचे आहेत, तिथे चार्टच वापरावा.

मग चार्टवर बोट ठेवा

उभ्या अक्षावर उरलेल्या फरकाचे प्रमाण असते. गाभा ६०० वर पोचला की भट्टीशी त्याचा फरक ५० अंश उरतो; सुरुवातीला तो ६१० होता. ५० ÷ ६१० = ०.०८२. चार्टमधल्या तिरक्या रेषांवर बायोट नंबर नसतो, त्याचा व्यस्त असतो: १ ÷ ०.२ = ५. इथे पुष्कळ जण चुकतात, ०.२ ची रेषा शोधतात आणि भलताच वेळ काढतात.

०.०८२ वरून आडवे जा, ५ च्या रेषेला भिडा आणि सरळ खाली उतरा. आडव्या अक्षावर फोरियर नंबर सुमारे १३.५ येतो. वाचताना दोन गोष्टी सांभाळा. उभा अक्ष लॉग मापाचा आहे, म्हणून ०.०८२ हा बिंदू ०.१ च्या अंदाजापेक्षा जास्त जवळ असतो. आणि आडव्या अक्षाचे माप मध्येच बदलते: सुरुवातीला एका घराला एक, पुढे त्याहून जास्त. घरे मोजू नका, छापलेले आकडे वाचा.

फोरियर नंबरातून वेळ

```
Fo = α × t / L²
t  = Fo × L² / α
```

α म्हणजे उष्णता किती झपाट्याने पसरते त्याचे माप: k भागिले घनता गुणिले विशिष्ट उष्णता. ४५ ÷ (७८५० × ५७०) म्हणजे जवळजवळ ०.००००१ चौरस मीटर प्रति सेकंद. मग t = १३.५ × ०.०१ ÷ ०.००००१ = १३,५०० सेकंद, म्हणजे पावणेचार तास. होल्डिंगचा वेळ यानंतर सुरू होतो.

पृष्ठभागाचे तापमान हवे असेल तर दुसरा, जागेच्या दुरुस्तीचा चार्ट घ्या. ५ या आकड्यावर पृष्ठभागाच्या वक्राला सुमारे ०.९१ मिळतात. ५० × ०.९१ = ४५, म्हणजे पृष्ठभाग ६०५ वर. शेवटी फरक पाचच अंशांचा राहतो.

जानेवारीच्या सकाळी प्लेट १६ अंशांवर असेल तर? वेळ तीन-चार मिनिटांनीच वाढतो. सोलापूरच्या उन्हाळ्या-हिवाळ्याची चिंता इथे करायला नको. चिंता करायची ती ठोकळ्यांची.

ठोकळे नसतील तर

प्लेट सरळ भट्टीच्या विटांच्या तळावर टेकवली, तर खालून उष्णता जवळजवळ येत नाही. मग खालचा पृष्ठभाग हाच "गाभा" होतो आणि L म्हणून पूर्ण २०० मि.मी. घ्यावे लागतात. बायोट ०.४, रेषा २.५ ची, फोरियर ७.३ च्या जवळ. हा आकडा लहान दिसतो, पण L चा वर्ग चौपट झालेला असतो: ७.३ × ०.०४ ÷ ०.००००१ = २९,२०० सेकंद, म्हणजे आठ तासांच्या वर. म्हणून लोडिंग करताना खालून ज्वाला आणि हवा फिरायला मोकळी जागा आहे ना, हे वाकून बघावे. चारही ठोकळे सारखे नसतील आणि एक कोपरा तळाला टेकला असेल, तर तो कोपरा मागे राहतो.

आणखी दोन मर्यादा. प्लेट रुंद हवी. इथे मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर अर्ध्या जाडीच्या दहापट आहे, म्हणून कडांचा हिशेब सोडून देता येतो. ४०० मि.मी. चौरस ठोकळ्याला तो सोडता येणार नाही. आणि ७२७ अंशांच्या आसपास स्टीलची अंतर्रचना बदलते, विशिष्ट उष्णता एकदम उसळते. त्या पट्ट्यातून जायचे असेल तर एकच α धरून चालत नाही.

h खरा आहे का, हे कसे कळेल

सगळ्या गणितात डळमळीत आकडा हा एकच. h ९० ऐवजी ६० निघाला, तर पावणेचारचे साडेपाच तास होतात. शिवाय प्रारणामुळे तो सुरुवातीला कमी आणि शेवटी जास्त असतो. म्हणून पहिल्या लोडला प्लेटच्या कडेतून खोल भोक पाडून जाडीच्या मध्यावर थर्मोकपल बसवावे. भोकाच्या तोंडाशी सिरॅमिक वूल घट्ट भरावे, नाहीतर तो भट्टीच्या हवेचेच तापमान दाखवेल.

मग घड्याळ लावून बघा: भट्टी आणि गाभा यांतला फरक ३०० वरून १५० वर, म्हणजे गाभा ३५० वरून ५०० वर यायला किती वेळ लागतो. h ९० असेल तर सुमारे ६२ मिनिटे लागतात. दीड तास लागला, तर तुमच्या भट्टीचा h ६० च्या आसपास आहे. मग बायोट ०.१३३ येतो, रेषा ७.५ ची, फोरियर सुमारे १९.८, पुढच्या लोडला साडेपाच तास धरा.