टीनएजर मुलांचा पहिला फोकस ग्रुप घेणार असाल तर हे वाचा

माझ्या पहिल्या ग्रुपमध्ये 14-15 वर्षांची 7 मुलं होती, विषय रात्रीचा फोन. मी विचारलं, झोपायच्या आधी तुम्ही सगळे फोन बघता ना? लगेच एक मुलगा म्हणाला, "दोन वाजेपर्यंत तर सगळेच जागे असतात." मग एक म्हणाला दीड, एक म्हणाली मी पण दीड-दोन, बाकीच्यांनी माना हलवल्या. मला वाटलं वा, काय भारी डेटा मिळाला. तो डेटा नव्हताच, त्या मुलाने आकडा ठरवला आणि बाकीचे त्याच्या आसपास जाऊन बसले. त्यात माझा प्रश्न तरी कुठे सरळ होता, "बघता ना" म्हटल्यावर नाही कोण म्हणणार!

रेकॉर्डिंग ऐकताना दुसरी गोष्ट कळली आणि ती जास्त लागली. एका मुलीने जेवताना पण फोन हातात असतो असं सांगितलं, त्यावर मी "अरे बापरे" म्हटलं होतं. मला तर आठवतही नव्हतं. त्यानंतरची तीन मुलं म्हणतात आमच्या घरी जेवताना फोन चालतच नाही. खरंच चालत नसेल किंवा मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील, आता ते कळायला काही मार्ग नाही.

पुढच्या ग्रुपपासून मी आधी चिठ्ठ्या द्यायला लागले. नाव न घालता दोन मिनिटांत लिहायचं, काल रात्री फोन शेवटचा कधी खाली ठेवला आणि त्याआधी त्यावर काय करत होतास. "रोज किती वेळ" विचारलं की मुलं अंदाज ठोकतात, कालचं विचारलं की आठवून लिहितात. चिठ्ठ्या गोळा करायच्या आणि मगच बोलायला सुरुवात. एका ग्रुपमध्ये बोलताना सगळे बारानंतरचेच होते, चिठ्ठ्यांत मात्र चौघांनी अकराच्या आधीची वेळ लिहिलेली. चिठ्ठीत पण कोणी खोटं लिहू शकतं, पण निदान शेजाऱ्याचं ऐकून तरी लिहीत नाही. हा फरकच मग रिपोर्टमध्ये घेतला, की मित्रांसमोर उशिरा जागणं मिरवलं जातं.

जास्त बोलणाऱ्याला गप्प करू नका, तो रुसला की अख्खा ग्रुप आखडून बसतो. त्याचं झालं की "असंच असतं का सगळ्यांचं?" विचारायच्या ऐवजी "याच्यापेक्षा वेगळं कोणाचं झालं काल?" असं विचारा आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प बसा. ती शांतता फार जड जाते पण गप्प मुलं तिथेच बोलतात.

सोबत नोट्स घेणारं कोणीतरी हवंच, कोण कुठे बसलंय आणि आधी कोण बोललं हे त्याने लिहायचं, कारण ट्रान्सक्रिप्टमध्ये हललेल्या माना दिसत नाहीत. आणि "7 पैकी 6 मुलं उशिरा जागतात" असं तर रिपोर्टमध्ये कधीच लिहू नका, त्या सहातली पाच एकाच्या मागून बोललेली असू शकतात.