घरच्याच माणसांचा मौखिक इतिहास: प्रबंधासाठी बसताना या चुका टाळा

लोकसाहित्याच्या प्रबंधासाठी मी पहिल्यांदा आत्यापुढे बसले, ते छापील संमतीपत्र घेऊनच. माण तालुक्यातलं गाव, आत्याचं वय ऐंशीच्या पुढे, जात्यावरच्या ओव्या तिला अजून तोंडपाठ. मार्गदर्शकांनी नमुना दिला होता, मी तो मराठीत करून आणला होता. आत्याने कागद हातात घेतला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. "अंगठा कशाला गं लागतोय, पोरी?" त्या दिवशी तिने एकही ओवी म्हटली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

मला कारण कळायला आठवडा लागला. मी तिच्या भावाची मुलगी. वडिलोपार्जित जमीन माझ्या वडिलांच्या वहिवाटीत. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला, आणि तेव्हापासून गावोगावी बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या-अंगठे घेणं चालू आहे. भावाच्या घरचं माणूस गोड बोलत कागद पुढे करतं, याचा तिला माहीत असलेला अर्थ एकच होता. परक्या संशोधकाच्या हातात हाच कागद सभ्य दिसला असता. माझ्या हातात तो संशयास्पद होता.

म्हणून पहिली चूक हीच: संमती म्हणजे सही, असं धरून चालणं. बोलणारी व्यक्ती निरक्षर असेल, किंवा तुमच्या तिच्यात मिळकतीचं नातं असेल, तर तोंडी संमती रेकॉर्ड करा. तीही एका दमात "चालेल ना?" असं विचारून नाही. मी पुढच्या खेपेला पाच प्रश्न सुटे सुटे विचारले आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं घेतलं. तुझा आवाज यात भरू का? माझ्या सरांना ऐकवू का? पुस्तकात तुझं खरं नाव घालू का? ते पुस्तक कॉम्प्युटरवर कुणालाही वाचता येईल, चालेल का? आणि नंतर तुला वाटलं की हे नको, तर मला कुणाकडून निरोप धाडशील? आत्याने पहिल्या दोन प्रश्नांना हो म्हटलं, नावाला "बघू" म्हणाली आणि चौथ्याला विचारलं, "कुणालाबी म्हंजी, हितल्याबी माणसाला?" तो एक प्रतिप्रश्न माझ्या छापील कागदातून कधीच आला नसता.

साक्षीला मी शाळेतल्या निवृत्त बाईंना बसवलं, कारण त्यांचा आमच्या वारसात संबंध नव्हता. चुलतभावाला बसवलं असतं तर संमतीला काही अर्थ उरला नसता. तुमची संस्था लेखी कागदच मागत असेल तर पहिल्याच ओळीत लिहा की या कागदाचा जमीन, घर, मिळकत यांच्याशी संबंध नाही. कागद दोन दिवस त्यांच्याकडे ठेवा आणि तो तुम्ही सोडून दुसऱ्या कुणाकडून तरी वाचवून घ्या.

चौथ्या प्रश्नाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बहुतेक विद्यार्थी तो विचारतच नाहीत. पीएच.डी.चा प्रबंध मंजूर झाला की त्याची डिजिटल प्रत शोधगंगेवर जाते. म्हणजे ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खाणारा गठ्ठा हे चित्र आता खरं नाही. आत्याचा नातू मोबाइलवर गावाचं नाव टाकून तो उघडू शकतो. घरच्या माणसांना "माझ्या अभ्यासासाठी" एवढंच सांगितलं असेल तर तुम्ही खोटं बोललेला नसता, पण खरंही सांगितलेलं नसतं.

यातूनच दुसरी चूक उगवते. नाव बदललं की झालं, असं वाटतं. मी आत्याला एक टोपणनाव दिलं आणि निर्धास्त झाले. मग प्रस्तावना वाचताना लक्षात आलं: मुखपृष्ठावर माझं आडनाव, ऋणनिर्देशात "माझ्या आत्यामुळे हा विषय सुचला", आणि परिशिष्टातल्या निवेदकांच्या यादीत वय, गाव, जात असे रकाने. माझ्या वडिलांना बहिणी दोनच, त्यातली एक वारलेली. टोपणनावाने लपलं काय? परक्या निवेदकाला टोपणनाव जितकं झाकतं, तितकं नातेवाइकाला झाकत नाही, कारण ओळख पटवणारा धागा तुम्ही स्वतः असता.

यावर मला सापडलेला मार्ग असा, की ओव्या आणि आठवणी वेगळ्या काढायच्या. ओवीला नाव लागलंच पाहिजे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, त्यांतल्या बऱ्याच आता पारी या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर आहेत आणि तिथे गाणाऱ्या बाईचं नाव-गाव ओवीसोबत दिलेलं असतं. ते योग्यच आहे. ओवी ही तिची कला आहे, तिला निनावी करणं म्हणजे श्रेय काढून घेणं. पण जावेबद्दल, मुकादमाबद्दल, सासऱ्याच्या दारूबद्दल ती जे बोलली ते वेगळ्या निवेदक क्रमांकाखाली गेलं, गावाऐवजी फक्त तालुका लिहून, वय "सत्तरीच्या पुढे" एवढंच ठेवून, आणि नात्याचा उल्लेख न करता. जातीचा रकाना मी सरसकट भरला नाही. जिथे विधी किंवा कुळाचाराचं विवेचन त्यावाचून अडत होतं तिथेच, विचारून, मजकुरात लिहिलं.

नावाचा "बघू" लिप्यंतराच्या वेळी सुटला. ओव्यांखाली नाव घाल म्हणाली, "माझ्या आईचंबी घाल, तिच्याच हायत."

प्रत्यक्ष मुलाखतीत नातेवाइकांची खास अडचण म्हणजे "तुला तर ठावंच हाय की". हे वाक्य आलं की आपण मान डोलावतो आणि पुढे जातो. ध्वनिफितीत मग एक भोक राहतं. मी शेवटी तिला म्हटलं, "आत्या, मला ठाऊक आहे, पण सरांना नाही, त्यांना सांग." ती रेकॉर्डरकडे वळून बोलायला लागली, थोडी ठसक्यात, पण पूर्ण. दुसरी गोष्ट, खोलीत कोण आहे ते प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला मोठ्याने बोलून ठेवा. सून चहा घेऊन आली की आत्या सासरच्या ओव्यांवरून तडक पंढरपूरच्या ओव्यांवर जायची. नुसत्या आवाजावरून हे पुढे कधीच कळलं नसतं.

रेकॉर्डिंगबद्दल एकच इशारा. फोनमधली आवाज स्वच्छ करणारी सोय बंद करा. ती जात्याची घरघर गोंगाट समजून पुसते आणि सोबत ओळीच्या शेवटचा लांबवलेला स्वरही खाते. मी जात्यावर एकदा आणि नंतर नुसतं बसून एकदा अशा दोन फिती केल्या. एकीतून लय मिळाली, दुसरीतून शब्द. दोन्हींत फरक पडतो हेही तेव्हाच दिसलं: दळताना येणारे "गं बाई" आणि ओळीची पुनरावृत्ती बसून सांगताना गळून जाते. फाइल WAV ठेवा, एका तासाला साधारण ३०० एमबी लागतात, आणि मूळ फाइल व्हॉट्सअॅपवरून पाठवू नका, आवाज दाबला जाऊ शकतो.

आता लिप्यंतर. एका तासाच्या बोलण्याला मला सहा ते आठ तास लागले, ओव्यांना त्याहून जास्त. इथली चूक मी सगळ्यात उशिरा पकडली, कारण ती चूक वाटतच नव्हती. आत्या १९७२ च्या दुष्काळाबद्दल, तेव्हा मिळणाऱ्या मिलो या परदेशी ज्वारीबद्दल म्हणाली होती:

"म्या तवा तळ्याच्या कामाव व्हते. मिलोच्या भाकरी खाल्ल्या, त्या बी गिळवत न्हवत्या. (सात सेकंद शांत) काय सांगायचं."

माझ्या पहिल्या खर्ड्यात होतं: "मी त्यावेळी पाझर तलावाच्या कामावर होते. मिलोच्या भाकरी खाल्ल्या, पण त्याही गिळवत नव्हत्या." शुद्धलेखनाचे नियम हाताला इतके बसलेले असतात की बोट आपोआप "न्हवत्या"चं "नव्हत्या" करतं. पण इथे तीन गोष्टी घडल्या. बोली गेली. "पाझर" आणि "पण" हे दोन शब्द मी घातले, ते तिने उच्चारलेच नव्हते. आणि ती शांतता गेली, तिच्यासोबत "काय सांगायचं"ही, मला ते भरीचं वाटलं म्हणून.

ओळखायची खूण सोपी आहे. लिप्यंतर मोठ्याने वाचा आणि फीत सोबत लावा. तुमचा आवाज तिच्या आधी संपत असेल तर तुम्ही काहीतरी गाळलंय, नंतर संपत असेल तर काहीतरी घातलंय. मी दर पाच मिनिटांना वेळ नोंदवली, न कळलेल्या जागी अंदाज न करता [अस्पष्ट १४:३२] असं लिहिलं. वाचकासाठी प्रमाण मराठीतला अर्थ हवाच असेल तर तो शेजारच्या रकान्यात द्या, मूळ ओळीवर नको. देवनागरीत सगळं येत नाही हेही मान्य करा. "चार" आणि "चाक" यातले दोन च लिहिताना सारखेच दिसतात, तर असा फरक महत्त्वाचा असेल तिथे सुरुवातीलाच एक खूण ठरवून घ्या.

तथ्याची दुरुस्तीही मजकुरात करू नका. आत्या म्हणाली, "भूकंप झाला तवा लगीन होऊन दोन म्हैने झालं व्हतं." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. मी खुशाल "ऑक्टोबर १९६७" लिहून मोकळी झाले होते. पण ऑक्टोबरात चातुर्मास, लग्नं लागत नाहीत. त्या वर्षी कार्तिकी एकादशी नोव्हेंबरच्या मध्याला आली. म्हणजे लग्न एक तर तुळशीच्या लग्नानंतरचं, जेमतेम महिन्याचं, किंवा आषाढीच्या आधीचं, पाच महिन्यांचं. मी तिचे "दोन म्हैने" तसेच ठेवले आणि हिशेब तळटीपेत दिला. पुढच्या भेटीत विचारलं तर म्हणाली, सासरी नांदायला येऊन दोन महिने. लग्न वैशाखातलं होतं.

लिप्यंतर झालं की ते वाचून दाखवायला परत जा. हा टप्पा विद्यार्थी वेळेअभावी टाळतात. मी प्रबंध सादर करायच्या तीन महिने आधी गेले, बदल करायला जागा राहावी म्हणून. हजेरीपटावर खोटे अंगठे घेणाऱ्या मुकादमाचा भाग ऐकून ती म्हणाली, राहू दे, मेला तो. जावेचा भाग ऐकून म्हणाली, काढ. चुलतभावाने त्याच्याही आधी फोनवर "मुकादमाचं काढ, त्याची पोरं गावात हायत" असं बजावलं होतं. दोघांत ऐकायचं कुणाचं? बोलणारी ती, म्हणून तिचं ऐकलं. मुकादमाचं नाव आणि कामाची जागा मात्र मी गाळली, कारण त्याच्या पोरांनी मला कुठलीच संमती दिलेली नव्हती. जावेची साडेचार मिनिटं फितीच्या प्रतीतूनही कापली आणि मूळ फीत आत्याच्या नातीकडे पेनड्राइव्हवर दिली.

त्या प्रकरणात आता चार पानं कमी आहेत. मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, सासरच्या नात्यांवर एवढंच साहित्य कसं? मी सांगितलं, आणखी होतं, निवेदकाने काढायला लावलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं.