‘पट्टी निघंना झालीय’: मराठी-इंग्रजी मिसळून तिकिटं लिहिताना या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना अडत दुकानातून आलेला फोन दोन वाक्यांत संपतो. दिवाणजींच्या समोर शेतकरी बसलेला असतो, मागे तोलाई चाललेली असते, जास्त बोलायला त्यांना सवड नसते. अशा दुकानांसाठी आम्ही हिशोबाचं सॉफ्टवेअर करतो. आमची आठ जणांची टीम विश्रामबागेत बसते. फोन मराठीत येतो, स्क्रीनवरची नावं इंग्रजीत आहेत, कोड इंग्रजीत आहे आणि आपसातलं बोलणं दोन्हींत. या सगळ्याच्या मधोमध तिकीट असतं. ते नीट लिहिलं नाही की काय होतं, हे एका तिकिटावरून सांगतो.

दिवाणजी फोनवर म्हणाले होते, “ताई, सकाळपासून एक पट्टी निघंना झालीय. शेतकरी थांबलाय, तेवढं बघा.” सपोर्टवरच्या ताईंनी तिकीट टाकलं:

```
Receipt issue - urgent
Customer la receipt nighat nahi. Pls check.
```

डेव्हलपरने `Receipt` ही स्क्रीन उघडली. आमच्याकडे ती पैसे मिळाल्याची पावती आहे. तिथे सगळं व्यवस्थित चालत होतं. त्याने प्रिंटरची सेटिंग पाहिली, दोन-तीन पावत्या काढून बघितल्या आणि ‘आमच्याकडे होत नाही’ असं लिहून तिकीट बंद केलं. दुपारी पुन्हा फोन आला. शेतकरी तोवर हातानं लिहिलेली पट्टी घेऊन गावी गेला होता.

ग्राहकाच्या शब्दाचं भाषांतर करू नका

यार्डात पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशोब: वजन, दर, त्यातून कापलेला खर्च आणि हातात येणारी रक्कम. खरेदीदाराला जातं ते बिल आणि पैसे दिल्या-घेतल्याची ती पावती. हे तीन वेगळे कागद आहेत आणि दिवाणजी त्यांत कधी गल्लत करत नाहीत. गल्लत आमच्याकडे झाली. तिकीट इंग्रजीत दिसावं म्हणून ‘पट्टी’चं `Receipt` केलं गेलं, आणि नेमकी त्याच नावाची दुसरी स्क्रीन आमच्याकडे होती.

त्या दिवसापासून आमच्याकडे एक नियम आहे. स्क्रीनवरचा शब्द स्क्रीनवर आहे त्याच लिपीत, ग्राहकाचा शब्द तो म्हणाला तसा, आणि बाकीचं साधं मराठी देवनागरीत. म्हणजे `Patti` ही स्क्रीन असेल तर `Patti`, `Save` हे बटण असेल तर `Save`. एररचा मजकूर असेल तर तो शब्दशः चिकटवायचा, त्याचा सारांश लिहायचा नाही. ‘वजन चुकीचं आहे असं काहीतरी येतंय’ हे वाचून कोडमध्ये काहीच शोधता येत नाही. `Enter valid weight` असं लिहिलं तर नेमकी ओळ मिनिटभरात सापडते.

सगळी तिकिटं फक्त इंग्रजीत लिहायची, हाही प्रयोग आम्ही करून पाहिला होता. माझ्या मते तो चुकीचाच होता. जे फोनवर पाच वाक्यं नीट ऐकत होते, ते इंग्रजीत दोनच शब्द लिहू लागले आणि मधली माहिती गळून गेली.

‘निघत नाही’ म्हणजे नेमकं कुठे अडलं?

मराठीतली काही क्रियापदं बोलताना फार सोयीची असतात, पण तिकिटात फसवतात. निघत नाही, येत नाही, होत नाही, चालत नाही. पट्टी निघत नाही याचा अर्थ यादीत लॉट दिसत नाही असा होतो, `Save` होत नाही असा होतो, पीडीएफ उघडत नाही असाही होतो आणि प्रिंटरमधून कागद बाहेर येत नाही असाही होतो. चारही ठिकाणी कोड वेगळा, बघणारा माणूसही बहुधा वेगळा.

म्हणून फोनवरच एक प्रश्न विचारायचा: “दिवाणजी, शेवटचं काय दाबलं आणि त्यानंतर स्क्रीनवर काय दिसलं?” दुपारच्या फोनवर ताईंनी हेच विचारलं, तेव्हा कळलं की ते `Patti` स्क्रीन उघडत होते, पण यादीत तो लॉटच नव्हता. म्हणजे अडचण पट्टीच्या आधीच होती, माल आत घेतानाच्या `Inward` स्क्रीनवर. मोबाइलवर ती एंट्री `Save` झालीच नव्हती. वजनाच्या खाली लाल अक्षरांत एरर आली होती, पण लहान स्क्रीनवर ती कीबोर्डच्या मागे झाकली गेली होती.

वजन का नाकारलं गेलं, ते कळायला ताईंनी मागवलेला स्क्रीनशॉट उपयोगी पडला. नव्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू होता आणि आकडे देवनागरीत पडत होते.

```js
Number("12.40")   // 12.4
Number("१२.४०")   // NaN
```

जावास्क्रिप्टच्या लेखी दुसरा आकडा आकडाच नाही. इथे तिकीट लिहिणाऱ्याने एक गोष्ट जपायची असते: ग्राहकाने जे टाइप केलं ते जसंच्या तसं कॉपी करायचं. ताईंनी सवयीने ‘वजन 12.40 टाकलं’ असं लिहिलं असतं, तर पुरावाच पुसला गेला असता. डेव्हलपरने 12.40 टाकून बघितलं असतं, ते चाललं असतं आणि तिकीट दुसऱ्यांदा बंद झालं असतं. स्क्रीनशॉट जोडाच, पण त्यातला महत्त्वाचा मजकूर वर्णनातही चिकटवा. चित्रातली अक्षरं पुढे कुणाला शोधून सापडतीलच असं नाही.

नकार शेपटाला ठेवू नका

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’ त्याच्याही मागे. बोलताना यात काही अडत नाही. पण तिकिटांची यादी अरुंद असते आणि लांब शीर्षक मधेच कापलं जातं. जिरा या तिकिटांच्या सॉफ्टवेअरमध्ये शीर्षक २५५ अक्षरांपर्यंत लिहिता येतं, म्हणून ते सगळं यादीत दिसेल असं नाही. मोबाइलवर तर पहिले सात-आठ शब्दच दिसतात. मग यादीत असं काहीतरी दिसतं:

```
मोबाइलवरून माल आत घेतल्यावर पट्टीच्या यादीत तो लॉट…
```

लॉट काय? दिसतो, दोनदा दिसतो, की दिसत नाही? उघडल्याशिवाय कळत नाही, आणि सौद्याच्या दिवशी पंचवीस तिकिटं उघडून बघायला कुणाला वेळ नसतो. त्यामुळे आम्ही वाक्य फिरवतो. आधी स्क्रीनचं नाव, लगेच बिघाड, आणि अट सगळ्यात मागे. ती कापली गेली तरी चालते.

```
Inward: Save होत नाही – वजन मराठी आकड्यांत असेल तर
```

शीर्षकात ‘अर्जंट’ लिहीत नाही, त्यासाठी प्रायॉरिटीचा रकाना आहे. खरी निकड वर्णनात एका ओळीत येते: ‘शेतकरी दुकानात थांबला आहे, तात्पुरती हातपट्टी दिली’. हे वाचून डेव्हलपरला काय आधी घ्यायचं ते कळतं.

आणखी एका शब्दापासून जपा, तो म्हणजे ‘परवा’. मराठीत गेलेला परवा आणि येणारा परवा एकच. बोलण्यात क्रियापदावरून कळतं, पण शीर्षकात क्रियापद गाळलं की ‘परवाची बाकी चुकीची’ म्हणजे कुठली तारीख? शिवाय तिकीट चार दिवसांनी उघडलं तर ‘काल’सुद्धा सरकलेला असतो. तारीख आकड्यांत लिहा.

तेच तिकीट तिसऱ्यांदा का पडतं

या बिघाडाचं तिकीट आधीही दोनदा पडलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. एकाने रोमन लिपीत मराठी लिहिलं होतं, दुसऱ्याने देवनागरीत. रोमन मराठीला ठरलेलं शुद्धलेखन नाही. पट्टी कुणी `patti` लिहितो, कुणी `pattee`, कुणी `pati`, त्यामुळे शोधताना एक सापडतं आणि बाकीची राहतात. शीर्षकात रोमन मराठी आम्ही पूर्ण बंद केलं.

देवनागरीतही सगळं सुरळीत नाही. एक तर आपले शब्द विभक्तीत बदलतात: ‘शेतकरी’ असं शोधलं तर ‘शेतकऱ्याला’ सापडत नाही, ‘पट्टी’ शोधली तर ‘पट्ट्या’ निसटतात. दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो आणि दोन्ही सारखेच दिसतात:

```
ऱ्या   U+0931 U+094D U+092F U+093E
र्‍या   U+0930 U+094D U+200D U+092F U+093E
```

तुमच्या कीबोर्डवरून पहिला पडत असेल आणि सहकाऱ्याच्या कीबोर्डवरून दुसरा, तर त्याचा ‘व्यापाऱ्याचं’ तुमच्या शोधात बऱ्याचदा येत नाही. ‘ॲप’ या शब्दाचंही तसंच: कुठे ॲ हे एकच अक्षर असतं (U+0972), कुठे अ वर वेगळा चंद्र दिलेला असतो. संशय आला तर समोर दिसणारा शब्द हाताने टाइप करून पानावर शोधा. डोळ्यांपुढे असूनही सापडला नाही तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी.

यावर कीबोर्ड सगळ्यांचे एकसारखे करणं हा उपाय आठ जणांत कसाबसा जमेल, ग्राहकांकडून आलेल्या मजकुरात जमणार नाही. म्हणून शोधाचा भार आम्ही वाक्यावर टाकतच नाही. शीर्षकाचा पहिला शब्द स्क्रीनचं नाव, मूळ रूपात, प्रत्यय न लावता. ‘Inwardमध्ये’ नाही, `Inward:`. शिवाय ठरलेल्या यादीतलं एक लेबल. आमच्या यादीत चौदाच लेबलं आहेत, `weight` आणि `marathi-input` ही त्यातली दोन. नवीन तिकीट टाकण्याआधी लेबल लावून जुनी तिकिटं बघायची.

त्या दिवशीचं तिकीट शेवटी असं झालं:

```
Inward: Save होत नाही – वजन मराठी आकड्यांत असेल तर
ग्राहकाचे शब्द: "पट्टी निघंना झालीय"
काय केलं: मोबाइलवर Inward > नवीन लॉट > वजन १२.४० > Save
काय दिसलं: Enter valid weight (कीबोर्डमागे झाकलं जातं)
काय व्हायला हवं: वजन 12.40 म्हणून सेव्ह, लॉट Patti यादीत
बिघाड कुठे होत नाही: ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, इंग्रजी कीबोर्डवर
निकड: शेतकरी थांबला होता, हातपट्टी दिली
Labels: weight, marathi-input
```

यातली ‘बिघाड कुठे होत नाही’ ही ओळ लोक हमखास गाळतात, आणि डेव्हलपरचा सगळ्यात जास्त वेळ तीच वाचवते. त्याच ओळीवरून त्याने थेट कीबोर्डकडे पाहिलं. दुरुस्ती छोटी होती: तपासणीआधी देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदलायचे आणि एरर कीबोर्डच्या वर दिसेल अशी आणायची.

तिकीट बंद करतानाही एक शब्द आम्ही टाळतो. ‘सुटलं’ म्हणजे प्रश्न मिटला असंही होतं आणि करायचं राहून गेलं असंही. ‘दोन लॉट सुटले’ एवढ्याच शेऱ्यावरून एकदा आम्ही दोन लॉट दुरुस्त झाले असं धरलं होतं, प्रत्यक्षात ते राहून गेले होते. आता शेरा असा असतो: ‘दुरुस्त. मोबाइलवर १२.४० टाकून तपासलं, लॉट `Patti` यादीत आला. दिवाणजींना फोन केला, त्यांच्याकडेही पट्टी निघाली.’